शॉक बसला तेव्हा नेमकं काय बंद होतं? तंत्रज्ञाच्या विद्युत अपघाताचा अहवाल कसा लिहावा

कारखान्यातल्या शॉकच्या अहवालांत एक वाक्य हमखास सापडतं: "काम करताना सप्लाय बंद होता, तरीही तंत्रज्ञास शॉक बसला." सही होते, कागद फाइलला लागतो आणि पॅनेल परत चालू होतं. पण सगळाच पुरवठा बंद असेल तर शॉक बसत नाही. म्हणजे काहीतरी चालू होतं, किंवा कशात तरी वीज साठून राहिली होती. ते काय होतं हे अहवालाने सांगायचं असतं. नेमकं तेच त्या "तरीही" खाली दडपलं जातं.

हा लेख शिफ्ट इंजिनिअर, मेंटेनन्स सुपरवायझर आणि ठेकेदाराच्या साइट इनचार्जसाठी आहे, कारण अहवाल बहुतेक वेळा त्यांच्यावरच येतो. समजायला सोपं जावं म्हणून एक नमुन्यादाखल प्रसंग शेवटपर्यंत बरोबर ठेवू. पुण्याजवळच्या औद्योगिक वसाहतीतला एक कारखाना आहे. पंप क्रमांक २ चा ४१५ व्होल्टचा स्टार्टर चालत नाही, कॉन्टॅक्टरची कॉइल जळली आहे. ठेकेदाराकडचा तंत्रज्ञ फीडरचा एमसीसीबी पाडतो, मल्टिमीटरने तिन्ही फेज तपासतो, शून्य दिसतं. कॉन्टॅक्टरच्या तारा सोडवताना उजव्या हाताचं बोट बाजूच्या छोट्या टर्मिनलला लागतं, डावा हात पॅनेलच्या पत्र्यावर असतो. झटका बसून तो मागे फेकला जातो. शुद्ध हरपत नाही, बोटाच्या टोकाला लहानसा काळा डाग पडतो.

पहिला तास: कोणी काय हलवलं

माणूस चिकटलेला असेल तर आधी पुरवठा तोडायचा, मग हात लावायचा. श्वास किंवा नाडी नसेल तर लगेच छाती दाबायला सुरुवात करायची, दुसऱ्याने १०८ ला फोन करायचा. याबद्दल दुमत नाही.

मात्र अहवालाचा सगळ्यात मोठा घोळ याच पाच मिनिटांत तयार होतो. वाचवायला धावलेला माणूस दिसेल तो स्विच पाडतो, आणि ते बरोबरच आहे. नंतर पाहायला येणाऱ्यांना मात्र सगळे स्विच बंद दिसतात आणि "सगळं बंदच होतं" असं लिहिलं जातं. म्हणून जखमीला गाडीत बसवलं की लगेच मदतीला आलेल्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा: तुम्ही कशाला हात लावला? उत्तर नावासह आणि वेळेसह कागदावर घ्या. आपल्या प्रसंगात शेजारच्या पॅनेलवरच्या ऑपरेटरने धावत येऊन टाकीच्या पातळीच्या पॅनेलचा एमसीबी खाली केला होता. त्याने ते सांगितलं नसतं तर अपघाताचं कारण कधीच सापडलं नसतं.

त्यानंतर जागेला दोरी बांधा. फोटो काढताना आधी पूर्ण पॅनेल लांबून घ्या, मग प्रत्येक स्विचच्या हँडलची स्थिती, कुलूप आणि टॅग, जमिनीवर पडलेली हत्यारं, मीटर आणि त्याचा फिरता स्विच कोणत्या रेंजवर आहे ते. हातमोजे जिथे सापडले तिथेच त्यांचा फोटो घ्या. पिशवीत घडी घातलेले मोजे आणि जमिनीवर काढून टाकलेले मोजे यांतून दोन वेगळ्या गोष्टी कळतात. सीसीटीव्हीचं घड्याळ आणि तुमचं घड्याळ यांत किती फरक आहे तेही लिहून ठेवा. वेळांचा क्रम जुळवताना त्या फरकावरून भांडणं होतात.

दवाखान्यात काय सांगायचं

"किरकोळ शॉक आहे, चहा घे आणि बस" हा प्रकार थांबवा. २३० व्होल्टचा करंट एका हातातून शिरून दुसऱ्या हातातून बाहेर पडला असेल तर तो छातीतून गेलेला असतो, म्हणून ईसीजी काढणं योग्य. बाहेरचा डाग केवढा आहे यावरून आत किती इजा झाली ते कळत नाही. डॉक्टरांना पाच गोष्टी सांगा: व्होल्टेज किती, करंट कुठून कुठे गेला, माणूस चिकटला होता की झटक्यात सुटला, पडताना डोकं किंवा पाठ आपटली का आणि शुद्ध हरपली होती का. हात ओला होता का हेही विचारलं जातं. उच्च दाबाचा शॉक असेल तर लघवीचा रंग गडद होतोय का यावर लक्ष ठेवायला सांगतात, कारण आतले स्नायू भाजले की त्याचा त्रास मूत्रपिंडांना होतो.

दवाखान्याच्या कागदावर करंटचा मार्ग लिहिला जाईल असं पाहा. पुढे सुरक्षा साधनांचा मुद्दा याच एका ओळीवर उभा राहतो.

कोणाला, किती वेळात

वीज कायदा २००३ च्या कलम १६१ प्रमाणे विजेच्या वापरात अपघात होऊन माणूस किंवा जनावर मेलं, जखमी झालं किंवा जीव जाण्याची शक्यता होती, तर ज्याच्या वाहिनीत किंवा यंत्रणेत तो घडला त्याने विद्युत निरीक्षकाला सूचना द्यायची असते. सूचनेचा नमुना आणि मुदत २००५ च्या नियमांत आहे. प्राणांतिक अपघाताची खबर २४ तासांत, आणि प्राणांतिक असो वा नसो, फॉर्म ए मध्ये लेखी अहवाल ४८ तासांत. शक्य असेल तिथे लगेच फोनही करायचा. त्या नियमात २४ तासांची खबर तारेने द्यायला सांगितली आहे. आपल्याकडची तारसेवा जुलै २०१३ मध्येच बंद पडली, त्यामुळे फोन करून ईमेल पाठवा आणि ईमेलची प्रत ठेवा.

तास अपघातापासून नाही, तो समजल्यापासून मोजतात. पण "आम्हाला दुसऱ्या दिवशी समजलं" हे शिफ्ट इनचार्ज जागेवर हजर असताना कोणी मानत नाही. कारखाना निरीक्षक, विमा आणि ठेकेदार यांचे कागद वेगळे असतात. एका कार्यालयाला कळवलं म्हणजे बाकीच्यांना कळलं असं होत नाही.

जबाब घेताना

तंत्रज्ञाचा जबाब त्याच्याच शब्दांत घ्या, आणि त्याला बोलण्याइतकं बरं वाटल्यावरच घ्या. "तुम्ही मेन बंद केला होता ना?" असं विचारलंत तर "हो साहेब" याशिवाय उत्तर येणार नाही. विशेषतः तो ठेकेदाराचा माणूस असेल आणि उद्या गेटपास मिळेल की नाही याची धास्ती असेल तर नक्कीच. त्यापेक्षा असं विचारा: "पॅनेलसमोर आल्यापासून काय काय केलंत, एकेक सांगा." मध्ये बोलू नका. संपल्यावर मागे जाऊन विचारा: कुठला स्विच पाडला, कुलूप कोणी लावलं, किल्ली कोणाकडे होती, मीटरच्या पिना कुठे कुठे लावल्या, हातात काय होतं, दुसरा हात कुठे होता.

आपल्या तंत्रज्ञाचं उत्तर असं होतं: "फीडर पाडला. आर-वाय, वाय-बी, बी-आर बघितलं, काहीच नव्हतं. मग मोजे काढले, कारण त्या मोज्यांत बारका स्क्रू सापडत नाही. तेरा नंबरची तार सोडवायला गेलो आणि बसला." या चार वाक्यांत जवळजवळ पूर्ण अहवाल आहे. त्याचं "काम करताना मोजे वापरले नाहीत" असं कार्यालयीन मराठीत भाषांतर केलं की त्यातलं सगळं महत्त्वाचं गळून जातं.

पुरवठा तोडला होता का: एका शब्दाचं उत्तर पुरत नाही

फॉर्म ए मध्ये याबद्दल थेट विचारणा आहे: कामाचा भाग मृत करण्यासाठी आयसोलेटर किंवा तत्सम साधनं वापरली का, आणि कामाच्या जागी तो भाग अर्थ केला होता का. तिथे नुसतं "होय" किंवा "नाही" लिहिणं म्हणजे रकाना भरणं झालं, माहिती देणं नव्हे. उत्तराचे चार भाग करा आणि प्रत्येक भाग वेगळ्या वाक्यात लिहा.

पहिला भाग: काय उघडलं. साधनाचं नाव आणि त्यावरचा टॅग क्रमांक द्या. एमसीसीबी पाडणं, फ्यूज काढणं आणि ज्यात संपर्क उघडलेले डोळ्यांनी दिसतात असा आयसोलेटर उघडणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. स्टॉप बटण दाबणं तर यात येतच नाही. कॉन्टॅक्टर सुटला तरी त्याच्या वरच्या बाजूला तिन्ही फेज उभ्या असतात.

दुसरा भाग: उघडलेलं तसंच राहील याची व्यवस्था. कुलूप कोणाचं, किल्ली कोणाच्या खिशात, टॅगवर कोणाचं नाव, वर्क पर्मिट किती वाजता कोणी दिलं. पर्मिट नव्हतं तर "पर्मिट नव्हतं" असं लिहा. मागच्या तारखेने तयार केलेलं पर्मिट ओळखायला निरीक्षकाला फारसा वेळ लागत नाही. नोंदवहीचा आधीचा-नंतरचा क्रमांक, सह्यांची शाई आणि त्या वेळी सही करणारा खरंच ड्यूटीवर होता का, एवढं पाहिलं की पुरतं.

तिसरा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे: तपासलं कशाने आणि कुठे. खिशातल्या निऑन टेस्टरचा दिवा लागला नाही याला पुरावा मानू नका. उजेडात तो दिसत नाही, आणि माणूस कोरड्या रबरी चटईवर उभा असेल तर नीट पेटतही नाही. मल्टिमीटर वापरला असेल तर तो आधी चालू असलेल्या ठिकाणी लावून पाहिला का, मग कामाच्या जागी, आणि शेवटी परत चालू ठिकाणी, हा क्रम पाळला का ते लिहा. मधल्या काळात पिनेची वायर तुटली असेल तर मीटर शून्यच दाखवेल. त्यानंतर प्रत्येक मोजमाप लिहा: फेज-फेज तीन, फेज-न्यूट्रल तीन, फेज-अर्थ तीन, आणि ज्या ज्या टर्मिनलला हात लागणार होता ते अर्थच्या संदर्भात.

आपल्या प्रसंगात इथेच उत्तर सापडतं. तंत्रज्ञाने फक्त फेज-फेज मोजलं, तेही मुख्य टर्मिनलवर. बाजूच्या १३ आणि १४ क्रमांकांच्या सहायक संपर्काला पिना लावल्याच नाहीत. पंप चालू असल्याचा संदेश टाकीच्या पातळीच्या पॅनेलला त्या संपर्कातून जातो, आणि त्या संदेशाची २३० व्होल्टची फेज त्या दुसऱ्या पॅनेलमधूनच येते. पंपाचा एमसीसीबी पाडला काय किंवा त्याला कुलूप लावलं काय, १३ क्रमांकाला फरक पडत नाही.

चौथा भाग: इतर कोणकोणते स्रोत शक्य होते, आणि ते तपासले का. परक्या पॅनेलची कंट्रोल फेज हा त्यातला एक. याशिवाय यूपीएसवरून येणारा कंट्रोल सप्लाय, आपोआप सुरू होणारा जनरेटर, छतावरचा सौर इन्व्हर्टर आणि दुसऱ्या सर्किटचा भार वाहणारा न्यूट्रल, जो सोडवताच शॉक देतो. पॉवर फॅक्टर सुधारण्याच्या पॅनेलमधले कपॅसिटर आणि व्हीएफडी यांच्यात पुरवठा तोडल्यावरही चार्ज उरतो. कमी दाबाच्या कपॅसिटरला डिस्चार्ज रेझिस्टर असतो आणि साधारण ३ मिनिटांत तो ७५ व्होल्टच्या खाली आणणं अपेक्षित असतं, पण तो रेझिस्टरच जळला असेल तर चार्ज कितीही वेळ तसाच राहू शकतो. म्हणून पुरवठा तोडल्यापासून स्पर्श होईपर्यंत किती मिनिटं गेली ते लिहा.

जिथे इजा गंभीर आहे तिथे "बघू तरी, तिथे अजून येतंय का" म्हणून पॅनेल परत चालू करून मोजायला जाऊ नका. निरीक्षकाने पाहीपर्यंत जागा तशीच ठेवा. वायरिंगच्या नकाशावरून आणि तारेवरच्या क्रमांकावरून बरंच कळतं.

सुरक्षा साधनं: दिली होती आणि वापरली होती, हे दोन प्रश्न आहेत

फॉर्ममध्ये विचारलेलं असतं की सुरक्षेची कोणती साधनं देण्यात आली होती आणि अपघातग्रस्ताने कोणती वापरली. बहुतेक अहवालांत उत्तर असतं "सर्व पीपीई उपलब्ध होते", आणि सोबत स्टोअरच्या वाटप रजिस्टरची झेरॉक्स. त्यातून फक्त साधनं दिली होती एवढंच कळतं. स्पर्शाच्या क्षणी अंगावर काय होतं हे तंत्रज्ञाच्या जबाबातून, साक्षीदाराकडून आणि फोटोतून ठरवायचं असतं.

प्रत्येक वस्तूबद्दल तीन गोष्टी लिहा: कोणत्या प्रतीची, कोणत्या स्थितीत, आणि त्या क्षणी अंगावर होती की नाही. "हातमोजे घातले होते" हे निरुपयोगी वाक्य आहे, कारण सुती मोजे, चामडी मोजे आणि विद्युतरोधक रबरी मोजे या सगळ्यांना आपण हातमोजेच म्हणतो. रबरी मोज्यांच्या मनगटाजवळ वर्ग छापलेला असतो. आयईसी मानकाप्रमाणे वर्ग ०० चे मोजे ५०० व्होल्ट एसीपर्यंत, वर्ग ० चे १००० व्होल्टपर्यंत वापरायचे असतात. वर्ग, तारीख आणि शेवटच्या चाचणीचा शिक्का याचा फोटो घ्या. मोजे जप्त करून पिशवीत सील करा. मोज्याची कड गुंडाळत हवा बोटांकडे ढकलली की बारीक भोक आवाजाने किंवा गालाला हवा लागून कळतं. ही तपासणी कामाआधी केली होती का तेही विचारा. अपघातानंतर मात्र ती तुम्ही स्वतः करू नका, सील तसंच राहू द्या.

आता करंटच्या मार्गाकडे या. आपल्या तंत्रज्ञाच्या पायात चांगले सेफ्टी शूज होते आणि पॅनेलसमोर रबरी चटईही होती. दोन्हींचा उल्लेख अहवालात हवाच, पण पुढे हेही लिहिलं पाहिजे की करंट उजव्या बोटातून डाव्या तळव्यात आणि तिथून अर्थ केलेल्या पत्र्यात गेला. पाय त्या मार्गात नव्हतेच, म्हणून चटई आणि बूट असूनही उपयोग झाला नाही. उपयोग झाला असता तो मोज्यांचा. हे लिहिलं नाही तर वाचणारा म्हणतो, "चटई होती तरी शॉक कसा?" आणि कोणीतरी नवी चटई खरेदी करून विषय संपवतो.

मोजे का काढले, तेही लिहा. या प्रसंगात पुरवलेले मोजे वर्ग २ चे, म्हणजे १७००० व्होल्टपर्यंतच्या कामाचे होते. ४१५ व्होल्टच्या पॅनेलला ते कमी पडतात असं नाही, उलट इतके जाड की त्यात बारीक स्क्रू धरताच येत नाही. एकच प्रकार मागवून सगळ्यांना वाटला की असं होतं. "सूचना देऊनही मोजे वापरले नाहीत" या वाक्यात दोष तंत्रज्ञाचा दिसतो. वर्ग लिहिला की खरेदीचा प्रश्नही दिसू लागतो. मला विचाराल तर "निष्काळजीपणा" हा शब्द कारणाच्या रकान्यात येऊच नये, कारण तो वाचून पॅनेलमध्ये काय बदलायचं ते कोणालाच कळत नाही.

हेल्मेट, चष्मा आणि तोंडावरची ढाल याबद्दलही एकेक ओळ लिहा. शॉक थांबवण्याशी त्यांचा संबंध कमी, पण ठिणगी उडाली असती किंवा डोकं आपटलं असतं तर प्रश्न आलाच असता.

लिहिलेला अहवाल कसा दिसतो

घटनेचा भाग साधारण असा जमतो:

"दि. … रोजी सकाळी ११.४० च्या सुमारास पंप क्र. २ च्या स्टार्टर पॅनेलमध्ये (४१५ व्होल्ट, तीन फेज) कॉन्टॅक्टर बदलण्याचे काम सुरू होते. तंत्रज्ञाने ११.२५ वाजता फीडरचा एमसीसीबी बंद केला. कुलूप लावले नव्हते, टॅग लावला होता. वर्क पर्मिट घेतलेले नव्हते. मल्टिमीटरने मुख्य टर्मिनलवर फेज-फेज तीन मोजमापे घेतली, तिन्ही शून्य. फेज-अर्थ तसेच सहायक टर्मिनल १३ व १४ येथे मोजमाप घेतले नाही. कामाचा भाग अर्थ केलेला नव्हता. टर्मिनल १३ ला टाकी पातळी पॅनेलमधून २३० व्होल्टचा स्वतंत्र पुरवठा येतो; अपघाताच्या वेळी तो चालू होता व अपघातानंतर ऑपरेटरने ११.४१ वाजता बंद केला. उजव्या तर्जनीचा स्पर्श टर्मिनल १३ ला झाला, डावा तळवा पॅनेलच्या पत्र्यावर होता. दोन्ही हात उघडे होते. वर्ग २ चे रबरी हातमोजे पुरवले होते. मोजमापावेळी घातले, बारीक स्क्रू सोडवण्यासाठी काढले. सेफ्टी शूज घातलेले होते, पॅनेलसमोर रबरी चटई होती."

यात एकही शेरा नाही, आणि "नव्हते", "नव्हता", "नाही" असे नकार मिळून चार वेळा आले आहेत. व्यवस्थापनाला ते खुपतं आणि मसुदा परत येतो: "पर्मिटचं वाक्य काढता येईल का?" काढू नका. जागेवर काय नव्हतं ते साक्षीदारांना माहीत असतं. निरीक्षकाने त्यांना विचारलं की गाळलेलं वाक्य लपवाछपवी म्हणून बाहेर येतं.

फॉर्मच्या उरलेल्या रकान्यांत तंत्रज्ञाकडे तारतंत्री परवाना किंवा तत्सम प्रमाणपत्र होतं का (क्रमांक आणि तारखेसह), काम कोणी सांगितलं, सोबत कोण होतं, प्रथमोपचार काय केले आणि पुरावा जपण्यासाठी काय केलं हे भरायचं असतं. कृत्रिम श्वास दिला असेल तर किती वेळ, तेही. ठेकेदाराच्या माणसाचा परवाना क्रमांक पहिल्याच दिवशी मागून घ्या. तो मिळायला सगळ्यात जास्त वेळ लागतो, आणि ४८ तास तेवढ्यासाठी थांबत नाहीत. मिळाला नाही तर "मागितला आहे, अद्याप प्राप्त नाही" असं लिहून अहवाल पाठवा.

नंतर कळलेल्या गोष्टी

४८ तासांत सगळं कळत नाही. पाठवलेल्या अहवालात खाडाखोड करू नका आणि त्याच तारखेचा सुधारित कागदही करू नका. वेगळं पुरवणी पत्र द्या, त्यावर त्या दिवसाची तारीख टाका आणि मूळ अहवालातलं कोणतं वाक्य बदलतं ते सांगा. आपल्या प्रसंगात आठवड्याने वायरिंगचा नकाशा तपासला तेव्हा दिसलं की १३ क्रमांकाची तार मूळ नकाशात नाहीच, पातळीचं पॅनेल नंतर बसवताना ती ओढली गेली. पुरवणी पत्रात ते गेलं, सोबत दुरुस्त केलेला नकाशा गेला, आणि पंप क्रमांक १ आणि ३ च्या स्टार्टरमध्येही तशीच तार असल्याचं त्याच पत्रात कळवलं गेलं. तिन्ही पॅनेलच्या दारावर "या पॅनेलमध्ये बाहेरून येणारा २३० व्होल्टचा पुरवठा आहे, टाकी पातळी पॅनेलचा एमसीबीही बंद करा" अशी पाटी लागली.